पंचवीस फटके, एक गोल: ब्रायटनच्या एका फेब्रुवारीतून समजलेला एक्सजी

फेब्रुवारी २०२१ मधल्या तीन सामन्यांची ही नोंद आहे. सामने, संघ, खेळाडू आणि निकाल खरे आहेत. आमच्या गटातल्या दोघांची नावं बदलली आहेत. नुसत्या आवडीने फुटबॉल पाहणाऱ्याला सामना संपल्यावर पडद्यावर ‘अपेक्षित गोल’, म्हणजे एक्सजी, नावाचा आकडा दिसतो. त्याचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न आम्हाला त्या महिन्यात पडला होता. उत्तर सापडेपर्यंत आम्ही दोन-तीन चुका केल्या. त्या इथे आहेत तशाच लिहितो आहे.

पार्श्वभूमी

अनिकेत कोल्हापूरचा. लहानपण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमींचे सामने बघण्यात गेलं. पुढे शिकायला ससेक्स विद्यापीठात गेला. विद्यापीठ फाल्मरला आणि ब्रायटन क्लबचं स्टेडियम अगदी शेजारी. २०१७ मध्ये ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये चढला, तेव्हा तो तिथेच होता, आणि तेव्हापासून तो त्या संघाचा झाला. पुण्यात परत आल्यावर त्याने मलाही ओढलं. आमच्यातला तिसरा त्याचा चुलतभाऊ सुधीरदादा. तो तालमीच्या संघात बरीच वर्षं गोलरक्षक होता आणि आता कोल्हापुरातच असतो. सामना सुरू असताना आम्ही तिघं फोनवर असायचो.

ब्रायटनचे प्रशिक्षक होते ग्रॅहम पॉटर. त्यांना मे २०१९ मध्ये आणलं आणि सहाच महिन्यांत त्यांचा करार २०२५ पर्यंत वाढवला. क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी फुटबॉलच्या आकडेवारीवर आधारलेल्या सट्ट्याच्या व्यवसायातून पैसा उभा केला आहे. त्यामुळे निकालाच्या आत डोकावून बघण्याची सवय त्या क्लबला आधीपासूनच होती. पॉटर यांच्या हाताखाली संघ चेंडू जमिनीवर ठेवून, खालून बांधत खेळायचा. बघायला सुंदर. पण गोल होत नव्हते.

२०२०-२१ च्या हंगामात हे दुखणं टोकाला गेलं. जानेवारीअखेर टॉटनहॅमला १-० हरवलं, ३ फेब्रुवारीला लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानात १-० हरवलं, आणि वाटलं की आता सुटलो. मग ते तीन सामने आले.

अडचण

१३ फेब्रुवारी, ॲस्टन व्हिला, घरच्या मैदानावर. ब्रायटनने फटक्यांचा सपाटा लावला आणि व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ ते एकामागून एक अडवत राहिला. ०-०.

२२ फेब्रुवारी, क्रिस्टल पॅलेस. आपल्याकडे मंगळवारची पहाट, दीडला सुरू झालेला सामना. हे जुने वैरी. ब्रायटनने २५ फटके मारले, पॅलेसने ३. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पॅलेसच्या मातेताने जवळच्या खांबापाशी टाचेने चेंडू वळवला आणि गोल. दुसऱ्या सत्रात वेल्टमनने बरोबरी साधली. पंच्याण्णवाव्या मिनिटाला बेंटेकेने हवेतला चेंडू थेट जाळ्यात मारला. १-२. पॅलेसच्या त्या दोन्ही फटक्यांचा एक्सजी एकत्र केला तरी अर्धा गोल भरत नव्हता. ब्रायटनचा आकडा त्याच्या कित्येक पट होता.

२७ फेब्रुवारी, वेस्ट ब्रॉम, तळाजवळचा संघ. अकराव्या मिनिटाला कॉर्नरवरून त्यांच्या बार्टलीने हेडर मारून गोल केला. त्यानंतर ब्रायटनला दोन पेनल्टी मिळाल्या. ग्रोसची पेनल्टी आडव्या खांबाला लागली, वेलबेकची उभ्या खांबाला. मध्ये डंकने फ्री किक पटकन मारून गोल केला, पण पंचांनी पुन्हा शिट्टी वाजवली होती म्हणून तो रद्द झाला. ०-१.

२६ सामन्यांत २६ गुण, आणि खालच्या लीगमध्ये उतरवणारी रेषा अगदी पायाखाली. त्या रात्री आमच्यात खरी वादावादी झाली. अनिकेतने पॅलेसच्या सामन्यापासून एकच धोशा लावला होता: “एक्सजीने बघ, आपण जिंकलोय. ह्या टेबलात आपण वरच्या सहात आहोत.” दादाने फोनवर शांतपणे विचारलं, “अन्या, गोल किती झाले ते सांग की. चांगला खेळ काय जाळ्यात जातोय व्हय?”

दोघांचंही मला अर्धंच पटत होतं, आणि अडचण तीच होती. आकडा खोटा आहे, की आम्ही तो चुकीचा वाचतोय?

आकडा मुळात काय मोजतो

कल्पना साधी आहे. प्रत्येक फटक्याला शून्य ते एक या दरम्यान एक किंमत देतात. याआधी नोंदवलेल्या हजारो फटक्यांमधून असेच फटके निवडायचे आणि त्यातले किती गोल झाले ते बघायचं. शंभरातले दहा झाले असतील तर किंमत ०.१. ‘असेच’ म्हणजे काय, हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट अंतर, त्यानंतर गोलचा किती भाग समोर उघडा दिसतो तो कोन. मग चेंडू पायाने मारला की डोक्याने, पास कसा आला, क्रॉस होता की दोघा बचावपटूंच्या मधून सरकवलेला. काही कंपन्यांची मॉडेल्स गोलरक्षक आणि बचावपटू त्या क्षणी कुठे उभे होते हेही धरतात. म्हणूनच एकाच सामन्याचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

ढोबळ मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. पेनल्टी साधारण ०.७८. पेनल्टी पेटीबाहेरून मारलेला फटका ०.०३ ते ०.०४, म्हणजे पंचवीस-तीस प्रयत्नांत एक गोल. सरासरी फटका ०.१ च्या आसपास. त्याच जागेवरून हेडर मारला तर पायाच्या फटक्यापेक्षा किंमत बरीच कमी. एका संघाच्या सगळ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज केली की त्या संघाचा सामन्यातला एक्सजी मिळतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की करावी लागते, आणि मला ती उशिरा कळली. किंमत फटका मारण्याच्या क्षणाची असते. मारणारा कोण, हे बहुतेक मॉडेल्सना माहीत नसतं. मारल्यावर चेंडू कोपऱ्यात गेला की थेट गोलरक्षकाच्या हातात, तेही त्यात नसतं. म्हणजे एक्सजी संधीची किंमत सांगतो, नेमबाजीची नाही. दादाने हे ऐकून लगेच ओळखलं: “म्हणजे आपली म्हातारी माणसं पायरीवर बसून ‘हा सोडायचा चान्स नव्हता’ म्हणतात, तेच हे मोजतंय.” बरोबर तेच. फरक इतकाच की पायरीवरच्या माणसाला हुकलेल्या सोप्या संधी आठवतात आणि लांबून मारलेले वीस फुकट फटके तो विसरतो. हा आकडा दोन्ही सारखेच लक्षात ठेवतो.

कुठे चुकत होतो

‘एक्सजीने आपण जिंकलो’ हे वाक्यच चुकीचं होतं. ते का चुकीचं, हे समजायला मी एका रविवारी वहीत काल्पनिक सामना मांडला. एका संघाचे २० फटके, प्रत्येकी ०.१, बेरीज २. दुसऱ्याचे ३ फटके, प्रत्येकी ०.१, बेरीज ०.३. पॅलेसचा सामना साधारण याच घाटाचा होता. आता बेरीज विसरून एकेक फटका सुटा धरायचा, नाणं उडवावं तसा. वीस फटक्यांतून एकही गोल न होण्याची शक्यता शंभरात १२. नेमका एकच होण्याची २७. म्हणजे ‘दोन गोल अपेक्षित’ असलेला हा संघ शंभरातल्या ३९ वेळा एक किंवा शून्यावर अडकतो. दोन्ही संघांचा मिळून हिशोब केला तर मोठ्या आकड्याचा संघ शंभरात सुमारे ८० वेळा जिंकतो, १६ वेळा बरोबरी होते आणि ४ वेळा हरतो.

चार टक्के म्हणजे पंचविसात एक. ३८ सामन्यांच्या हंगामात असे सामने वारंवार खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला अशी एखादी रात्र येणारच. म्हणजे पॅलेसचा निकाल दुर्मीळ होता, पण अशक्य नव्हता, आणि त्यात आकड्याला खोटं पाडणारं काहीच नव्हतं. त्याचबरोबर ‘आपण जिंकलो’ म्हणण्यालाही त्यात आधार नव्हता. दोन या बेरजेचा अर्थ ‘दोन गोल व्हायलाच हवे होते’ असा होत नाही. शून्य, एक, दोन, तीन, चार अशा सगळ्या शक्यतांची ती सरासरी असते.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि ती मला स्वतःला सापडली याचा आजही आनंद आहे. पॅलेसने अठ्ठाविसाव्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर बरोबरी होईपर्यंत त्यांना पुढे यायची गरजच उरली नाही. दहा माणसं खाली, चेंडू ब्रायटनकडे, आणि फटक्यांवर फटके. मागे पडलेला संघ धडपडतो, आघाडीवरचा संघ जागा सोडून देतो, त्यामुळे मागे पडलेल्याचा एक्सजी फुगत जातो. वेस्ट ब्रॉमच्या सामन्यातही तेच: अकराव्या मिनिटापासून पुढचे ऐंशी मिनिटं ब्रायटन मागेच. सामना संपल्यावर येणारा एकच आकडा हे लपवतो. पॅलेसने स्वतःहून निवडलेला खेळ आणि ब्रायटनने त्यांच्यावर लादलेला खेळ, यातला फरक त्या बेरजेत दिसत नाही.

तिसरी चूक पेनल्टीची. वेस्ट ब्रॉमविरुद्धचा ब्रायटनचा आकडा पाहून अनिकेत हळहळला होता. पण त्यात दोन पेनल्टींचेच १.५६ होते. दोन्ही हुकण्याची शक्यता ०.२२ गुणिले ०.२२, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. हे खरंच वाईट नशीब होतं आणि ते तसंच म्हणायला हरकत नाही. पण पेनल्टी वजा केल्यावर जे उरलं त्यावरून ‘आपण त्यांना चिरडून काढलं’ असं म्हणणं धाडसाचं होतं. ब्रायटन खेळत कसा होता, हा प्रश्न असेल तर पेनल्टी बाजूला काढून उरलेला आकडा बघावा लागतो. डंकचा रद्द झालेला गोल तर हिशोबातच येत नाही, कारण शिट्टीनंतर खेळ थांबलेला असतो.

समोरचे पर्याय

फेब्रुवारी संपताना क्लबच्या दारात तीन वाटा होत्या, आणि आम्ही तिघांनी एकेक उचलली होती.

दादाचं म्हणणं, प्रशिक्षक बदला. घसरणारा संघ नवा माणूस आणून वाचवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रुजलेली आहे आणि उतरलात तर पैशाचं नुकसान अफाट. “सहा महिने झाले, तेच तेच. माणूस चांगला असेल, पण संघ खाली गेला तर काय उपयोग?” हे वेडेपणाचं नव्हतं. एक्सजीवर विसंबून वाट बघणं आणि मे महिन्यात उतरणं, ही शक्यता खरी होती.

अनिकेतचं म्हणणं, काहीही करू नका, आकडे आपोआप सरासरीकडे येतील.

माझं म्हणणं, अडचण आघाडीवीराची आहे. त्या हंगामात संघाचा सर्वाधिक गोल करणारा मोपे होता, लीगमध्ये ८ गोल. नेमबाजीत कसलेला माणूस आणल्याशिवाय हे सुटणार नाही, पण खेळाडू खरेदी-विक्रीचा बाजार बंद झालेला होता, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत थांबावंच लागणार.

तिन्ही मतांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: हुकणारे गोल नशिबाने हुकतायत की कौशल्याच्या अभावाने? एक्सजी स्वतः हे सांगत नाही. तो फक्त सांगतो की सरासरी नेमबाजांनी या संधींवर इतके गोल केले असते.

आम्ही काय केलं

वाद मिटेना, तेव्हा दादाने सुचवलं की पुढच्या सामन्यांत प्रत्येकाने वहीत स्वतः लिहायचं. मिनिट, जागा, पाय की डोकं. किंमत वर सांगितलेल्या ढोबळ मापांनी, आणि शेजारी एक रकाना: तेव्हा स्कोअर काय होता. मार्चमध्ये हे सुरू झालं. अचूकतेचा दावा नव्हता, पण हात घातल्यावर डोळे बदलतात.

दादाचा डोळा सर्वांत आधी बदलला. गोलरक्षक असल्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, की गोलसमोरून आडवा गेलेला आणि कुणाचाच पाय न लागलेला क्रॉस कुठे लिहायचा? उत्तर: कुठेच नाही. फटका नाही म्हणजे एक्सजी नाही. “मला तर त्यातच घाम फुटायचा,” तो म्हणाला. ब्रायटन पेटीजवळ इतका वेळ चेंडू खेळवायचा की अशी क्षणं भरपूर असायची, आणि ती आकड्यात शून्य.

त्याच्याच दुसऱ्या प्रश्नातून एक जुनी गोष्ट उलगडली. हंगामाच्या सुरुवातीला ब्रायटनवर कमी फटके येत होते, पण त्यातले खूप गोल होत होते. मारणाऱ्यांचा नेम, नशीब आणि गोलरक्षक, तिन्ही त्या फरकात मिसळलेले असतात. ते सुटे करायला फटका मारल्यानंतर चेंडू गोलच्या कुठल्या भागाकडे गेला हे धरणारा वेगळा आकडा लागतो. क्लबने डिसेंबर २०२० मध्ये मॅट रायनला बसवून तरुण रॉबर्ट सांचेझला कायम केलं आणि जानेवारीत रायन आर्सेनलला उसना गेला. म्हणजे हात बांधून वाट बघणं हे क्लबचं धोरण नव्हतं. प्रशिक्षक हलवला नाही, पण संघातलं दुखणं जिथे बोट ठेवून दाखवता येत होतं तिथे बदल केला. अनिकेतच्या ‘काहीही करू नका’मध्ये ही गोष्ट बसत नव्हती आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केलं.

मी स्वतः नशीब की कौशल्य या प्रश्नाच्या मागे लागलो. हंगामअखेर ब्रायटनचे गोल होते ४०, आणि एक्सजी पन्नाशीच्या थोडा पुढे. अकराएक गोलांची तूट. भयंकर वाटते. पण समजा, ५१ एक्सजीचा संघ आहे आणि त्याचे नेमबाज अगदी सरासरी आहेत. निव्वळ योगायोगाने त्याला ४० किंवा त्याहून कमी गोल मिळतील अशी शक्यता साधारण पंधरात एक निघते. लीगमध्ये वीस संघ. म्हणजे कुणाचंही कौशल्य कमी नसतानाही, दर हंगामात एखादा संघ इतका खाली सापडणं अपेक्षितच आहे. त्या वर्षी तो आपला होता, एवढंच असू शकतं. नेमबाजी थोडी कच्ची आणि नशीब बरंच वाईट, असंही असू शकतं. एका हंगामाच्या गोलांतून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हे उत्तर मिळाल्यावर मी दोन दिवस चिडलेला होतो, कारण मला ‘आघाडीवीर आणा’ हे सिद्ध करायचं होतं.

क्लबने काय केलं आणि काय झालं

क्लबने पॉटर यांना ठेवलं. मार्चच्या सुरुवातीला लेस्टरकडून घरी १-२ असा पुन्हा पराभव झाला, तरी ठेवलं. मग साउदॅम्प्टनला त्यांच्या मैदानात २-१ आणि न्यूकॅसलला घरी ३-० हरवलं. मे महिन्यात मँचेस्टर सिटीला ३-२ हरवलं. त्या दिवशी सिटीचा कॅन्सेलो दहाव्याच मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, हे लिहायला हवं, कारण दहा जणांविरुद्ध ऐंशी मिनिटं खेळलेल्या सामन्याचा एक्सजी पुन्हा त्याच जातीचा फसवा असतो. शेवटच्या १२ सामन्यांत १५ गुण. एकूण ४१, सोळावं स्थान. उतरलेल्या संघांत वरचा फुलम २८ गुणांवर राहिला, म्हणजे शेवटी तेरा गुणांचं अंतर. एक्सजीवरून मांडलेल्या काही गुणतक्त्यांत हाच संघ पाचवा होता.

इथे गोष्ट संपवली असती तर अनिकेत बरोबर ठरला असता. पण पुढचा हंगाम जास्त शिकवणारा आहे.

उन्हाळ्यात क्लबने बचावपटू बेन व्हाइटला आर्सेनलला विकलं आणि माझ्या मनातला मोठा आघाडीवीर आणलाच नाही. आकडे सरासरीकडे येतात, तर गोलांचा पाऊस पडायला हवा होता. २०२१-२२ मध्ये गोल झाले ४२. फक्त दोन जास्त. पण गुण ५१, आणि स्थान नववं. आदल्या वर्षी ९ विजय, १४ बरोबरी, १५ पराभव होते. या वर्षी १२ विजय, १५ बरोबरी, ११ पराभव. गोल खाल्ले ४६ च्या जागी ४४. म्हणजे जवळपास तेवढ्याच गोलांमध्ये दहा गुण वाढले, कारण एका गोलाच्या फरकाने सुटणारे सामने या वेळी दुसऱ्या बाजूला झुकले. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीड्सविरुद्ध ०-० झाल्यावर घरच्याच प्रेक्षकांनी आवाज काढला होता. तेव्हाही संघ वरच्या अर्ध्यात होता.

सप्टेंबर २०२२ मध्ये पॉटर चेल्सीला गेले. रोबेर्तो दे झेर्बी आले आणि त्या हंगामात ब्रायटनने ७२ गोल केले, सहावं स्थान घेतलं आणि पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेत पोचला. दादाने तेव्हा फोन केला आणि म्हणाला, “बघ, प्रशिक्षक बदलल्यावर गोल आले की नाही?” त्याचा मुद्दा मी टाळणार नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये बदलला असता तर हे झालं असतं का, हे या आकड्यांतून कळत नाही. मधल्या दीड वर्षात खेळाडू बदलले होते, आणि चेंडू खालून बांधत नेणारा संघ दे झेर्बींना तयार मिळाला होता.

पुन्हा वेळ आली तर

सर्वांत मोठी चूक पहिल्या रात्रीची होती. पॅलेसच्या सामन्यानंतर तासाभरात आम्ही एका सामन्याच्या आकड्यावरून न्याय करायला बसलो. एका सामन्यात एक्सजीचा उपयोग एवढाच, की खेळ कुठल्या बाजूला कललेला होता याची आठवण नीट लागते. संघ कसा आहे हे बोलायला दहा-बारा सामने तरी हवेत, आणि तेही पेनल्टी काढून. नवा प्रशिक्षक किंवा नवा गोलरक्षक आला असेल तर मोजणी तिथून नव्याने.

दुसरं, अनिकेतने ‘वरच्या सहात आहोत’ हे वाक्य सांत्वन म्हणून वापरलं आणि मग त्यालाच ते भाकीत वाटू लागलं. त्या तक्त्यातून वाजवी अंदाज एवढाच निघत होता: हा संघ सोळाव्या स्थानाला साजेल त्याहून चांगला खेळतोय, म्हणून उतरण्याची भीती दिसते त्याहून कमी आहे. क्लबला प्रशिक्षक ठेवायला एवढं पुरेसं होतं. ‘पुढच्या वर्षी साठ गोल’ असं वचन त्यात कुठेच नव्हतं, आणि ते आलंही नाही.

तिसरं माझ्याबद्दल. मी आघाडीवीराचा हट्ट धरला तेव्हा माझ्याकडे एका हंगामाची तूट सोडून काहीच नव्हतं. एखाद्या नेमबाजाबद्दल बोलायचं तर त्याचे दोन-तीन हंगामांतले फटके एकत्र बघायला हवे होते. मोपेने त्याआधीच्या हंगामात १० गोल केले होते, ते मी पाहिलेच नव्हते.

आणि दादाचा प्रश्न मी आजही वहीत शिल्लक ठेवलेला आहे. गोलसमोरून आडव्या जाणाऱ्या, कुणीच न मारलेल्या चेंडूसाठी आमच्या वहीत आता एक वेगळी खूण आहे: लहानसा गोल, त्यातून एक रेघ. तिला किंमत दिलेली नाही. सामना संपल्यावर दादा आधी त्या खुणा मोजतो आणि मग आकड्याबद्दल विचारतो.